नंबर लिहिला होता, पण दिसला कुणाला?

प्रश्न : बालाघाटच्या उतारावर आमची सीताफळाची झाडं आहेत. यंदा चुलत्यांना झाडापाशी उभं करून बोलतं केलं आणि मोबाइलवर एक रील बनवली. आवाज बंद ठेवून बघणारे बरेच असतात, म्हणून ते बोलतात ते शब्द खाली लिहिले. शेवटी उजव्या कोपऱ्यात भाव आणि सगळ्यात खाली फोन नंबर टाकला. एडिटिंगच्या ॲपमध्ये सगळं स्वच्छ दिसत होतं. इन्स्टाग्रामवर टाकल्यावर निम्मे शब्द आमच्या खात्याच्या नावाखाली गेले आणि भाव बदामाच्या चिन्हामागे लपला. कमेंटमध्ये लोक विचारतात, ‘दादा, नंबर द्या की.’ तीच रील यूट्यूबवर टाकली तर झाकली जाणारी जागा आणखी वेगळी. मग लिहायचं तरी कुठे?
– एक वाचक, पाटोदा (जि. बीड)

उत्तर : ‘नंबर द्या की’ ही कमेंट म्हणजे तुमच्या दुखण्याचं नेमकं निदान आहे. व्हिडिओत लिहिलेली गोष्टच लोक पुन्हा विचारू लागले, तर दर वेळी त्यांचं लक्ष नव्हतं असं समजू नका. बहुतेकदा ते अक्षर त्यांच्या पडद्यावर कशाच्या तरी मागे असतं. एडिटिंगच्या ॲपमध्ये तुम्ही फक्त तुमचं चित्र पाहता. बघणाऱ्याला त्या चित्रावर ठेवलेला दुसरा एक थर दिसतो. बदाम, कमेंट, शेअर, खात्याचं नाव, फॉलोचं बटण, तुम्ही लिहिलेला मजकूर, गाण्याचं नाव हे सगळं त्या थरात असतं. तो थर ॲपचा आहे. तो तुमच्या फाइलमध्ये नसतो, म्हणून एडिट करताना दिसतही नाही.

ही अडचण तशी जुनीच आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं तेव्हाचे टीव्ही काचेच्या फुगीर नळीचे होते. त्यांत चित्राच्या कडा चौकटीमागे जायच्या आणि किती जायच्या ते प्रत्येक संचावर निराळं असायचं. म्हणून चित्राच्या मधल्या ऐंशी टक्के रुंदी-उंचीतच अक्षरं ठेवायची, असा दंडक जगभरच्या टीव्हीवाल्यांनी पाळला. त्या जागेला ‘टायटल सेफ’ म्हणत. आताच्या मोबाइलच्या पडद्यावर कडा कापल्या जाण्याचा त्रास कमी आहे, त्याऐवजी वरून झाकलं जातं. फरक असा की टीव्हीच्या चारही कडा सारख्याच जायच्या. मोबाइलवर खालची बाजू सगळ्यात जास्त जाते, त्यानंतर वरची आणि उजवी, आणि डावी सगळ्यात कमी. सिनेमा-टीव्हीच्या सवयीने आपला हात शब्द लिहायला आपोआप खाली जातो, म्हणजे नेमका सगळ्यात वाईट जागी.

आता आकड्यांकडे येऊ. थोडेच देतो, पण ते कागदावर उतरवून ठेवा. उभ्या व्हिडिओची नेहमीची चौकट १०८० पिक्सेल रुंद आणि १९२० पिक्सेल उंच असते. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा रीलमध्ये जाहिरात देणाऱ्यांना सांगते, की वरचे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के भाग अक्षरांपासून मोकळे ठेवा. आपल्या चौकटीत त्याचा हिशेब वरून सुमारे २७०, खालून सुमारे ६७० आणि बाजूंनी ६५ पिक्सेल असा होतो. साध्या रीलवर खालचं झाकण एवढं उंच नसतं. जाहिरातीत तळाशी एक जादा बटण येतं, म्हणून त्यांचा आकडा मोठा आहे. पण तुम्ही सीताफळं विकता. उद्या चाललेली रील पाचशे रुपये भरून ‘बूस्ट’ कराल, तेव्हा तेच बटण तुमच्याही रीलवर येऊन बसेल आणि खाली लिहिलेले शब्द त्या दिवशी झाकले जातील. म्हणून साध्या रीललाही जाहिरातीचाच आकडा धरावा असं माझं मत आहे.

उजव्या बाजूला मात्र ६५ पुरत नाहीत. तिथे बटणांची उभी रांग असते, आणि यूट्यूब शॉर्ट्सवर ती चांगलीच वर चढते. मी उजवीकडे १९० पिक्सेल सोडतो. वरचे २७० थोडे वाढवून २९० करतो, त्याचं कारण पुढे येईलच. सगळं वजा केल्यावर अक्षरांसाठी उरतो तो चौकोन असा : डावीकडून ६५ ते ८९०, वरून २९० ते १२५०. म्हणजे सव्वाआठशे रुंद आणि साडेनऊशेहून थोडा उंच. क्षेत्रफळ काढलं तर सगळ्या चौकटीचे जेमतेम अडतीस टक्के. पडदा तुम्ही भरता, पण लिहायला हाती एवढंच येतं.

आता तुमची रील घेऊ. पत्रावरून दिसतं, की शब्द १६०० ते १७५० च्या दरम्यान असावेत. खात्याचं नाव आणि मजकुराची पहिली ओळ याच पट्ट्यात बसते. भाव उजव्या कोपऱ्यात म्हणजे बटणांच्या रांगेत, आणि नंबर तळाशी गाण्याच्या पट्टीवर. तिन्ही जागा ॲपने आधीच घेतलेल्या आहेत. आता शब्द उचलून वर आणावेत, तर तिथे दुसरी पंचाईत होते. चुलते मधोमध उभे आहेत आणि छातीपाशी हातात सीताफळ धरलं आहे, असं तुम्ही पूर्ण पत्रात लिहिलंय. शब्द १०४० ते १२३० मध्ये आणले तर ते नेमके फळावर येतील, आणि फळ दाखवायलाच तर रील काढली होती! एडिटिंगमध्ये यावर धड इलाज नाही. शब्दांची जागा फोन हातात धरताना ठरते, ॲप उघडल्यावर नाही. मला या उत्तरात सांगायचंय ते मुख्यतः एवढंच.

म्हणून पुढच्या वेळी शूट करताना चौकटीचे मनात तीन भाग पाडा. फोनच्या कॅमेऱ्यात ग्रिडच्या रेषा चालू केल्या की हे सोपं जातं. वरच्या आडव्या रेषेच्या जरा वर डोळे ठेवा. त्या रेषेची उंची सुमारे ६४० असते. थोडं मागे सरून उभे राहा, म्हणजे चेहरा ४०० ते ८५० मध्ये मावेल. हनुवटीखाली छातीचा भाग शब्दांसाठी मोकळा राहील. फळ चेहऱ्याच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर धरायला सांगा, शक्यतो डाव्या बाजूला. सुरुवातीला चुलत्यांना अवघडल्यासारखं होईल, पण फोटोत आपण पेढा धरून उभे राहतो तसंच ते आहे, लगेच जमेल. तळाच्या ६७० पिक्सेलमध्ये टोपली, माती, झाडाचं बूड, पाय काहीही येऊ द्या. तो भाग काळा होत नाही. त्यावर फक्त ॲपची अक्षरं आणि हलकी सावली येते, त्यामुळे चित्र दिसतं आणि वाचायचं काही तिथे नसलं की काम झालं.

फळ छातीशीच धरायचं असेल, म्हणजे ते फोडून गर दाखवायचा असेल, तर त्या शॉटपुरते शब्द डोक्यावर न्या, ३०० ते ४९० मध्ये. मग डोकं थोडं खाली घ्यावं लागेल. एकाच शॉटमध्ये मात्र शब्द वर-खाली नाचवू नका. वाचणाऱ्याची नजर एका जागी टेकलेली असते, आणि शब्द हलले की ती दर वेळी शोधायला निघते. शॉट बदलला की जागा बदलली तर चालतं.

आता अक्षरांच्या आकाराबद्दल. इंग्रजी उपशीर्षकांचे नियम देवनागरीला तसेच लावले की फसगत होते, म्हणून यावर जरा थांबतो. आपल्या ओळीला वरही मजले असतात आणि खालीही. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, ऊकार, ऋकार आणि जोडाक्षरांची शेपटी. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं की वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो. अक्षर ६४ पिक्सेलचं घेतलं तर एका ओळीला दीडपट म्हणजे ९६ पिक्सेल उंची द्या. दोन ओळींना १९२ लागतात. खालची मर्यादा १२५० असली तरी मी शेवटची ओळ १२३० ला संपवतो, कारण ऊकारांना थोडी जागा हवी असते आणि झाकण आलंच तर सगळ्यात आधी तेच जातात. साडेसहा इंची फोनवर ६४ पिक्सेल म्हणजे सुमारे चार मिलिमीटर. उन्हात, हातभर अंतरावरून वाचायला एवढं हवंच. शब्दांमागे काळी पट्टी टाकत असाल तर एक पाहा. काही ॲप पट्टीची उंची इंग्रजी अक्षरांवरून काढतात, त्यामुळे वेलांटीचा माथा पट्टीबाहेर येतो. तसं दिसलं तर पट्टीचं पॅडिंग वाढवा, नाहीतर पट्टी सोडून अक्षरांना जाड काळी किनार द्या.

रुंदीत किती मावतं? ६४ पिक्सेलच्या देवनागरीत एका अक्षराला सरासरी ४८ पिक्सेलच्या आसपास धरा. फॉन्टप्रमाणे थोडं कमी-जास्त होतं. शब्द डावीकडून सुरू केले तर ८२५ मध्ये सतराएक अक्षरं बसतात, मधली मोकळी जागा धरून. शब्द मधोमध ठेवायचे असतील तर मात्र उजवीकडचे १९० डावीकडेही सोडावे लागतात. तोल साधायचा तर तेवढं द्यावंच लागतं. मग हातात ७०० उरतात आणि चौदा-पंधरा अक्षरांवर ओळ संपते. मराठी शब्द लांब असतात. ‘सीताफळवाल्यांकडून’ एवढा एकच शब्द अर्धी ओळ खाऊन टाकतो. म्हणून मला डावीकडून लिहिणं बरं वाटतं. लोकांना मधोमध ठेवलेलंच छान दिसतं, हे मान्य. पण छान दिसणं आणि वाचता येणं यांत माझा कौल वाचण्याला.

समजा चुलते म्हणतात : ‘डोळे उघडले की तोडायचं. झाडावरच पिकू दिलं तर पाखरं खातेत.’ हे दोन पडद्यांत मांडा. पहिल्या पडद्यात ‘डोळे उघडले की तोडायचं’ एवढंच. अकरा अक्षरं आणि तीन मोकळ्या जागा, म्हणजे एका ओळीत आरामात. दुसऱ्या पडद्यात वरच्या ओळीत ‘झाडावरच पिकू दिलं’ आणि खालच्या ओळीत ‘तर पाखरं खातेत’. ओळ मोडायची ती श्वास मोडतो तिथे. ॲपला मोडू दिलं तर ते ‘तर’ वर ठेवून ‘पाखरं’ खाली पाठवतं. आणि ‘खातेत’ला ‘खातात’ करू नका. आवाज ऐकणाऱ्याला एक आणि वाचणाऱ्याला दुसरं मिळालं की चुलत्यांच्या बोलण्यातली चव जाते. एका ओळीचा पडदा असेल तेव्हा ती ओळ दोन ओळींच्या पडद्यातल्या वरच्या ओळीच्याच उंचीवर ठेवा, म्हणजे सुरुवात हलत नाही.

भाव आणि नंबर शेवटच्या तीन-चार सेकंदांत एकत्र दाखवा, तेही मधल्या चौकोनात. ७०० च्या आसपास भाव, ९०० च्या आसपास नंबर. तेव्हा चेहरा झाकला गेला तरी बिघडत नाही, कारण बोलणं संपलेलं असतं. नंबरचे दहा आकडे पाच-पाचच्या दोन गटांत लिहिले तर डोळ्यांना सोपे जातात. टाकून झालेल्या रीलमध्ये आता चित्रावरचे शब्द बदलता येणार नाहीत. काढून पुन्हा टाकावी लागेल. पण तिला चांगले व्ह्यूज आले असतील तर काढू नका. नंबर मजकुराच्या पहिल्याच ओळीत लिहा आणि एक कमेंट पिन करून ठेवा.

तुमच्या प्रश्नात आणखी एक बारीक प्रश्न दडला आहे. एकच रील दोन फोनांवर वेगळी का दिसते? आपली चौकट नऊ बाय सोळाच्या प्रमाणात असते आणि आजकालचे पुष्कळ फोन नऊ बाय वीस असे लांबुडके असतात. चित्र पडद्यात बसवायला ॲपकडे दोन वाटा उरतात. एक, चित्र आहे तसं ठेवायचं आणि उरलेल्या पट्टीत कमेंटची खिडकी वगैरे बसवायची. दुसरी, चित्र मोठं करून पडदा भरायचा आणि बाजू कापायच्या. पूर्ण भरलं तर हिशेब असा : १९२० ची उंची २४०० करायला चित्र सव्वापट मोठं होतं, रुंदी १०८० ची १३५० होते, पण पडदा १०८० चाच असतो. म्हणून दोन्ही बाजूंना तुमच्या चित्रातले १०८-१०८ पिक्सेल बाहेर जातात. दर वेळी एवढं होत नाही, पण डाव्या कडेला चिकटून लिहिलेल्या ओळीचं पहिलं अक्षर एखाद्याच फोनवर का कापलं जातं, त्याचं कारण हे. एकच व्हिडिओ अनेक ठिकाणी टाकायचा असेल तर डावीकडचे ६५ वाढवून ११० करा. ओळीमागे एखादं अक्षर कमी मावेल.

दुसरं कारण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये सापडतं. त्यांनी सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात. मग बऱ्याचदा ॲपची स्वतःची अक्षरंही मोठी होतात आणि तळाचं झाकण वर सरकतं. शिवाय खात्याचं नाव लांब, जोडीला ठिकाण, जोडीला दुसऱ्या खात्याशी भागीदारी असं काही असलं की प्रत्येकाची एक-एक ओळ वाढते. ३५ टक्के फार वाटतात त्यांनी ही बेरीज एकदा करून पाहावी.

वरचे २९० कशासाठी, ते आता. इन्स्टाग्रामवर रील फक्त पूर्ण पडद्यावर दिसत नाही. घरच्या फीडमध्ये ती चार बाय पाचच्या प्रमाणात कापून दिसते, म्हणजे उंचीतले मधले १३५० राहतात आणि वरून-खालून २८५-२८५ जातात. प्रोफाइलवरच्या चौकटी २०२५ च्या जानेवारीपासून तीन बाय चारच्या झाल्या. तिथे वरून-खालून २४०-२४० जातात. २९० च्या खाली सुरुवात केली की पूर्ण पडदा, फीड आणि प्रोफाइल तिन्ही ठिकाणी मथळा शाबूत राहतो.

इंटरनेटवर ‘सेफ झोन’च्या तयार चौकटी ढिगाने मिळतात. त्या बघून घ्या, पण डोळे झाकून वापरू नका. त्यांतल्या पुष्कळ टिकटॉकसाठी केलेल्या असतात, आणि ते ॲप आपल्याकडे २९ जून २०२० पासून बंद आहे. पाटोद्यात तुमची रील इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर पाहिली जाते. त्याच तीन जागा मोजा. शिवाय ॲपवाले बटणं अधूनमधून हलवतात, तेव्हा जुनी चौकट बिनकामाची होते.

त्यापेक्षा स्वतः मोजायची एक सोपी युक्ती सांगतो. मोबाइलवर १०८० बाय १९२० चं एक राखाडी चित्र करा. त्यावर दर १०० पिक्सेलला एक आडवी रेघ ओढा आणि प्रत्येक रेघेवर डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे तिचा आकडा लिहा : १००, २००, ३००, असं १९०० पर्यंत. तशाच उभ्या रेघाही ओढा. त्या चित्राचा दहा सेकंदांचा व्हिडिओ करा. यूट्यूबवर तो ‘अनलिस्टेड’ ठेवून चढवा, इन्स्टाग्रामवर खासगी ठेवलेल्या दुसऱ्या खात्यावर टाका, व्हॉट्सॲप स्टेटसला फक्त घरच्या एखाद्याला दिसेल असं सेटिंग करा. चढवताना मजकूर, गाणं, ठिकाण नेहमीसारखंच लिहा, नाहीतर झाकण खरं येणार नाही. मग घरातल्या दोन-तीन वेगवेगळ्या फोनांवर तो लावून स्क्रीनशॉट घ्या. कोणते आकडे वाचता येतात आणि कोणते नाहीत, एवढं पाहिलं की तुमची स्वतःची चौकट तयार. सगळ्यात जास्त झाकणारा फोन धरायचा, सरासरी काढायची नाही.

तोच स्क्रीनशॉट पुढेही कामाला येतो. त्यातला व्हिडिओचा भाग तेवढा कापून घ्या आणि एडिटिंगच्या ॲपमध्ये नव्या व्हिडिओवर थर म्हणून ठेवा. काइनमास्टरसारख्या ॲपमध्ये थराची पारदर्शकता निम्मी करता येते. आता बटणं कुठे येणार हे शब्द बसवतानाच दिसतं. एक्स्पोर्ट करण्याआधी तो थर काढायला विसरू नका. नाहीतर तुमच्या रीलवर दोन-दोन बदाम दिसतील, आणि त्यांतला एक दाबला तरी लाल होणार नाही.

व्हॉट्सॲपबद्दल वेगळं थोडंच सांगायचं आहे. स्टेटसवर वर नाव आणि पुढे सरकणाऱ्या रेघा असतात, खाली तुम्ही टाइप केलेला मजकूर आणि उत्तराची जागा. उजवीकडे बटणांची रांग नाही. तरीही रीलसाठी केलेला व्हिडिओ स्टेटसला तसाच चालतो. फक्त व्हिडिओतले शब्द स्टेटसच्या मजकुरात पुन्हा टाइप करू नका. मजकूर लांबला की तो वर चढतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. यूट्यूबवर उपशीर्षकांची वेगळी फाइल चढवली असेल आणि बघणाऱ्याने ती चालू केली असेल, तर तिथेही दोन जागी शब्द दिसतात. चित्रात कोरलेले शब्द आणि वेगळी फाइल यांतलं एकच निवडा. तुमच्यासाठी कोरलेलेच बरे, कारण कुठे दिसतील ते तुमच्या हातात राहतं.

पत्राच्या इथे न छापलेल्या शेवटच्या भागात तुम्ही विचारलंय, की सौताड्याच्या धबधब्याचा पावसाळ्यात फोन आडवा धरून काढलेला एक व्हिडिओ आहे, त्यावर ‘दगड निसरडे आहेत, कडेला जाऊ नका’ असं लिहून टाकायचंय, तर कुठे लिहावं. आडवा व्हिडिओ उभ्या चौकटीत टाकला की त्याची उंची ६०७ होते. तो मधोमध ठेवला तर वरून सुमारे ६५६ ला सुरू होतो आणि १२६३ ला संपतो. वर आणि खाली रिकामी पट्टी उरते. सगळे खालच्या पट्टीत लिहितात, कारण ती रिकामी दिसते. पण ती १२६३ च्या पुढे आहे, म्हणजे सगळीच्या सगळी झाकणाखाली. सूचना वरच्या पट्टीत लिहा, ३०० ते ६३० मध्ये. तिथे ६४ च्या अक्षरांत तीन ओळी ऐसपैस बसतात. शब्द चित्राच्या खालीच हवे असतील तर व्हिडिओचा तुकडाच वर सरकवून २९० ला सुरू करा. तो ८९७ ला संपेल, आणि ९३० ते १२३० एवढी जागा शब्दांना मिळेल. विंचरणा नदीचं कोसळतं पाणी आडव्या चित्रात तसंही अर्धंच येतं. पुढच्या पावसाळ्यात ते उभंच काढा, आणि धारेचा माथा २९० च्या बराच खाली राहील एवढं मागे उभे राहा. म्हणजे सूचना धारेच्या वर, आभाळावर लिहिता येईल.